भूगंधर्व आणि तिकीट



आपल्या मुळशी खोऱ्यात गावोगाव हरिनाम सप्ताह बसतो. टाळकरी, मृदंगाचा साथीदार आणि ऐकणारे यांच्यात तिथे फारसे अंतर नसते. कुणाचा आवाज चांगला लागला तर शेजारचा मान डोलावतो. पण त्या आवाजासाठी कुणी पैसे मोजलेले नसतात, आणि गाणाऱ्यानेही आज आपण श्रोत्यांना थक्क करून सोडू असे ठरवलेले नसते. याच्या उलट, शहरातल्या नाट्यगृहात आपण तिकीट काढून जातो, अंधारात बसतो, आणि उजेडात बसलेल्या एका माणसाकडे तीन तास टक लावून पाहतो. परतताना म्हणतो, "काय प्रतिभा आहे! असा माणूस शतकात एकदा होतो." हे दुसऱ्या तऱ्हेचे ऐकणे आणि 'शतकात एकदा' ही भाषा आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे, की ती अनादी काळापासून चालत आली असावी असे वाटते. वस्तुतः ती बरीचशी एकोणिसाव्या शतकाची निर्मिती आहे. ती आपल्या मुलखात कोणत्या वाटेने आली, आणि तिने आपल्याला काय दिले व आपल्याकडून काय घेतले, याचा विचार आम्ही आज एका गवयाच्या आणि एका सर्कसवाल्याच्या गोष्टीतून करणार आहोत.

प्रथम युरोपात डोकावू, कारण तिकडे हा बदल अधिक ठळक दिसतो. 'व्हर्चुओसो' हा इटालियन शब्द पूर्वी विद्वानाला, शास्त्र जाणणाऱ्याला लावीत असत. एकोणिसाव्या शतकात त्याचा अर्थ फिरला आणि हातचलाखीने लोकांना दिपवणारा वादक असा झाला. या फिरलेल्या अर्थाचा आद्य पुरुष म्हणजे जिनोव्हाचा निकोलो पागानिनी. त्याचा जन्म 1782 चा. 1828 साली तो व्हिएन्नाला व्हायोलिन वाजवायला गेला, तेव्हा त्या शहरात त्याच्या नावाच्या टोप्या आणि हातमोजे विकले जाऊ लागले. चारांपैकी एकाच तारेवर तो अख्खी रचना वाजवी. लोकांना या कौशल्याचा उलगडा होईना, म्हणून त्यांनी तो बाहेरून आणला: याने सैतानाशी करार केला आहे, अशी वदंता उठली. ती इतकी पसरली की पुढे पॅरिसमध्ये आपल्या आईचे पत्र छापवून, मी माणसाच्याच पोटी जन्मलो आहे, हे त्याला लोकांना पटवावे लागले. वदंतेने त्याचे नुकसान झाले तसा फायदाही झाला. 1831 मध्ये पॅरिसच्या ऑपेरागृहात त्याच्या कार्यक्रमाचे दर दुप्पट होते, तरी गर्दी हटली नाही. त्याच वर्षी लंडनमध्ये मात्र दुप्पट दराविरुद्ध इतकी ओरड झाली, की तो मागे घ्यावा लागला.

पुढच्या वर्षी पॅरिसमध्ये वीस वर्षांच्या फ्रांझ लिस्टने पागानिनीचे वादन ऐकले आणि पियानोवर हेच करून दाखवण्याच्या ईर्ष्येने तो रियाजाला बसला. लिस्टने जी नवी पद्धत पाडली ती आज आपल्याला नवी वाटतच नाही. तोवर युरोपातल्या जलशात एका संध्याकाळी अनेक कलावंत असत. कुणी गाई, कुणी वाजवी, मध्ये वाद्यवृंद येई. लिस्ट 1839 पासून संपूर्ण कार्यक्रम एकटा करू लागला. पियानो त्याने असा आडवा ठेवला की वाजवणाऱ्याच्या चेहऱ्याची एक बाजू श्रोत्यांना सतत दिसावी. समोर कागद न ठेवता तो पाठ वाजवी. 1841-42 च्या हिवाळ्यात बर्लिनला त्याने दहा आठवड्यांत वीसहून अधिक कार्यक्रम केले, आणि तिथल्या श्रोत्यांना जे वेड लागले त्याला हाइने या कवीने रोगासारखे नावच देऊन टाकले. एकटा माणूस, दिसणारा चेहरा, समोर कागद नाही: या तिन्ही गोष्टींनी श्रोत्याचे लक्ष रचनेवरून उचलून माणसावर ठेवले. रचना कुणाचीही असो, घडते आहे ते या माणसाच्या अंगातून, असे वाटू लागले. प्रतिभा म्हणजे शिकून मिळवलेली विद्या नव्हे, ती अंगात जन्मजात असलेली आणि थोडीशी भयंकर अशी शक्ती आहे, ही समजूत तिथे रुजली.

आता आपल्याकडे येऊ. त्याच सुमारास ग्वाल्हेरला शिंदे सरकारांच्या आश्रयाने हद्दूखाँ आणि हस्सूखाँ हे दोघे भाऊ गात होते. त्यांची एक गोष्ट जुने गवय्ये फार रंगवून सांगत. दरबारात बडे महंमदखाँ नावाचे ख्यातनाम गवई होते. त्यांची तान कुणाला साधत नसे. या दोघा तरुणांना म्हणे पडद्याआड बसवून ते गाणे महिनोन्‌महिने ऐकवले गेले, आणि एके दिवशी त्यांनी तेच भर दरबारात गाऊन दाखवले. महंमदखाँ संतापले. पुढे त्यांनी एका बैठकीत हस्सूखाँना एक अतिअवघड तान पुन्हा घेण्याची गळ घातली आणि त्या श्रमाने हस्सूखाँच्या छातीला इजा होऊन त्यांचा अंत ओढवला. ही हकीकत अक्षरशः खरी मानण्याचे कारण नाही. पण तिच्यात काय आहे आणि काय नाही ते पाहण्याजोगे आहे. तिच्यात ईर्ष्या आहे, चमत्कार आहे, प्राणघातक पराक्रमही आहे. सैतान मात्र नाही. विद्या कुठून आली हे गोष्टीतल्या सगळ्यांना ठाऊक आहे: ती महंमदखाँची, पडद्याआडून घेतलेली. भांडण आहे ते मालकीचे. अंगात शिरलेल्या अगम्य शक्तीचा तिथे प्रश्नच नाही.

दरबारी गवयाकडे पाहण्याची जुनी दृष्टी ही अशी होती. त्याच्याबद्दल पहिला प्रश्न विचारला जाई तो 'कुणाचा शागीर्द?' हा. ऐकणारे मोजके आणि बहुधा जाणकार असत. राजाने बिदागी दिली तरी ती अमुक एका संध्याकाळची किंमत नसे. गवई नोकरीत असे आणि एखादे दिवशी आवाज बसला तरी त्याची भाकरी जात नसे. या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. विद्या चोरून ऐकावी लागे ती त्याच व्यवस्थेत, आणि गवयाला मान असला तरी तो चाकराचा मान होता. मिरजेजवळच्या भागातून ग्वाल्हेरला गेलेल्या बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांना ख्यालाची विद्या मिळवण्यासाठी किती हाल सोसावे लागले, हे सर्वश्रुतच आहे. हस्सूखाँचे शिष्य वासुदेवबुवा जोशी यांच्याकडून ती घेऊन बुवा महाराष्ट्रात परतले, आणि मग ख्याल आपल्या मुलखात रुजला.

याच ग्वाल्हेरला दक्षिणेतला आणखी एक तरुण गेला होता. त्याचे नाव विष्णुपंत छत्रे. त्यांना दोन छंद होते, घोडा आणि गाणे. अश्वविद्या त्यांनी बाबासाहेब आपट्यांकडून घेतली आणि गाणे खुद्द हद्दूखाँकडून. पुढे ते कुरुंदवाडच्या संस्थानिकांच्या आश्रयाला राहिले. कियारिनी नावाच्या इटालियन माणसाची सर्कस मुंबईला आली होती; ती पाहून, असला खेळ हिंदी माणसाला जमणार नाही हे बोलणे विष्णुपंतांना झोंबले, असे सांगतात. 1880 च्या सुमारास त्यांनी स्वतःची सर्कस उभी केली. हिंदी माणसाने चालवलेली ही पहिली मोठी सर्कस. गावाबाहेर तंबू ठोकायचा, जाहिराती वाटायच्या, दर लावून तिकिटे विकायची, आणि पूर्वी कधी न पाहिलेल्या माणसांना दोन तासांत तोंडात बोट घालायला लावायचे, हा धंदा त्यांना पुरता अवगत झाला.

हद्दूखाँ 1875 साली वारले. त्यांचे चिरंजीव रहिमतखाँ हे विलक्षण गळ्याचे गवई. पण थोरले भाऊ महंमदखाँ गेल्यावर ते खचले, अफूच्या आहारी गेले आणि भटकत काशीला पोचले. आपल्या गुरूचा मुलगा या दशेत आहे हे विष्णुपंतांना कळले. त्यांनी त्यांना शोधून काढले, आपल्याजवळ आणले आणि सांभाळले. ऋण फेडण्याची ही जुनी रीत. पण सांभाळणारा सर्कशीचा मालक होता. तंबू गावोगाव हिंडे, त्याबरोबर रहिमतखाँही हिंडत, आणि मोठ्या गावी त्यांचे जलसे होत. नेपाळच्या दरबारापर्यंत विष्णुपंतांनी त्यांना नेले. 'भूगंधर्व' ही पदवी त्यांच्या नावामागे लागली ती कायमची. दरबारी गवयाचा मुलगा हिंदुस्थानभर हिंडणारा, जाहिरातीतून ओळखला जाणारा कलावंत झाला, तो असा.

या जोडीची आठवण अमेरिकेतल्या एका जोडीशी जुळते. प्राण्यांचे आणि विचित्र वस्तूंचे प्रदर्शन मांडणाऱ्या बार्नम नावाच्या गृहस्थाने 1850 मध्ये येनी लिंड या स्वीडिश गायिकेला दर कार्यक्रमास हजार डॉलर कबूल करून अमेरिकेत आणले. ती येण्यापूर्वीच त्याने तिच्या नावाचा असा गाजावाजा केला, की न्यूयॉर्कच्या पहिल्या कार्यक्रमाच्या पहिल्या तिकिटाचा लिलाव होऊन एका टोपीवाल्याने ते सव्वादोनशे डॉलरना घेतले. गाणे ऐकण्याआधीच तिची थोरवी ठरून गेली होती. मात्र येनी लिंड करार समजून सही करणारी बाई होती. रहिमतखाँ आपल्या व्यवहाराचे भान राहिलेले गृहस्थ नव्हते. ते स्वतःशी पुटपुटत, गायला बसवण्यासाठी त्यांची मनधरणी करावी लागे, असे त्यांच्या आठवणींतून येते.

इथे आमच्या मते या विषयाची खरी अडचण आहे. विस्कटलेला माणूस गायला बसतो आणि तोंडातून स्वर्गीय स्वर येतात, हे दृश्य पाहून श्रोत्याने काय समजावे? जुन्या जाणकाराने म्हटले असते, "हद्दूखाँची तालीम आहे, एवढी हानी होऊनही ती शाबूत आहे." तिकीट काढून आलेल्या नव्या श्रोत्याला तालमीचा हा इतिहास ठाऊक नव्हता. त्याला दिसत होते ते वेड आणि गळा, आणि त्याने त्या दोहोंचा कार्यकारणभाव जोडला: वेडा आहे म्हणूनच असा गातो! पागानिनीच्या श्रोत्यांनी सैतानावर जे काम सोपवले तेच आपल्याकडे वेडावर आणि व्यसनावर सोपवले गेले. प्रतिभावंत म्हणजे थोडासा विक्षिप्त असायचाच, ही आपल्याकडे अजूनही बोलली जाणारी समजूत अशाच हकीकतींवर पोसली आहे. तिचा परिणाम दुहेरी झाला. बालपणापासून घेतलेली वर्षानुवर्षांची मेहनत झाकली गेली; आणि एक आजारी, दुःखी माणूस मदतीला पात्र असण्याऐवजी कौतुकाचा विषय झाला. विष्णुपंतांनी त्यांना मदत केली हे त्यांचे मोठेपण. पण ज्या धंद्याच्या बळावर ती केली, त्याच धंद्याला ही दंतकथा उपयोगी पडत होती.

मग चमत्कार कोणता आणि विद्या कोणती, हे सामान्य श्रोत्याने ओळखावे कसे? ग्वाल्हेरचा ख्याल ऐकण्याची एक साधी रीत आम्ही सांगतो. गवई प्रथम चीज मांडतो: अस्थाई आणि अंतरा, दोन्ही पूर्ण, शब्द कळतील असे. मग आलाप आणि बहेलावे येतात, म्हणजे आवाज संथपणे, आंदोलत रागात फिरतो. नंतर चिजेचे बोल लयीशी खेळवले जातात, आणि या सगळ्यानंतर तान येते. टाळ्या घेते ती तान, म्हणून घाई झालेला गवई, किंवा घाई झालेला श्रोता, थेट तानेवर उडी मारतो. अशा वेळी तीन गोष्टी पाहाव्यात. अस्थाई-अंतरा पुरा मांडला का? जलद तानेत स्वर मण्यांसारखे सुटे ऐकू येतात, की नुसता आवाज थरथरतो आहे? आणि तान कुठूनही निघाली तरी मुखडा सहजपणे समेवर येतो, की तबलजीला ओढून नेऊन सम गाठावी लागते? या तिन्ही कसोट्यांना उतरणारी तान ही विद्येची. एरवी ती सर्कशीतली कोलांटउडी. कोलांटउडीलाही मेहनत लागते, तिचा आम्ही अनादर करीत नाही. पण तिचा आनंद तोल जाण्याच्या भीतीत असतो, आणि रागाचा आनंद तोल असण्यात.

तिकिटाने बदललेली आणखी एक गोष्ट पुणेकरांच्या डोळ्यांसमोर घडली. 1880 साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात 'शाकुंतल' रंगभूमीवर आणले आणि 1882 मध्ये 'सौभद्र'. त्यांच्या कंपनीत बडोद्याहून आलेले भाऊराव कोल्हटकर पदे म्हणू लागले, आणि प्रेक्षकांतून 'वन्स मोअर'च्या आरोळ्या उठू लागल्या. कथानक पुढे जायचे थांबे, कारण पैसे दिलेल्या प्रेक्षकाला तेच पद पुन्हा हवे असे. दरबारात फर्माइश राजाची. इथे ती पिटातल्या कोणाचीही. हा अधिकाराचा मोठा पालट होता, आणि तो सर्वस्वी वाईट होता असे आम्ही म्हणणार नाही. ज्या माणसाला दरबाराच्या दारातून आत पाऊल टाकता आले नसते, तो चार आण्यांत उत्तम गळा ऐकू लागला. 1898 मध्ये दहा वर्षांच्या नारायण राजहंसाला 'बालगंधर्व' म्हटले गेले ते लोकमान्य टिळकांच्या मुखातून; पदवी द्यायला आता राजाची गरज उरली नव्हती. पण ज्याला लोक पदवी देतात त्याच्यावर लोकांचा हक्कही चालतो, आणि तो रोज रात्री वसूल केला जातो, हेही तितकेच खरे.

या सगळ्याला उत्तर शोधणारा माणूस कुरुंदवाडातच जन्मावा हा योगायोग मोठा सुंदर आहे. विष्णु दिगंबर पलुसकर यांचा जन्म 1872 चा. लहानपणी शोभेच्या दारूने डोळे अधू झाले म्हणून त्यांना मिरजेस बाळकृष्णबुवांकडे गाणे शिकायला ठेवले. एका समारंभाला आपल्याला आमंत्रण आहे पण गुरुजींना नाही, कारण ते 'गवई', हे त्यांच्या मनाला फार लागले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. 1896 मध्ये मिरज सोडून ते बाहेर पडले आणि सौराष्ट्रात त्यांनी अल्प दराची तिकिटे लावून जाहीर जलसा केला. तिकिटाचे साधन तेच. पण त्यांनी तिकिटाचा पैसा आणि मिळालेली कीर्ती वेगळ्या कामी लावली. 5 मे 1901 रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय निघाले, 1908 मध्ये मुंबईला. क्रमिक पुस्तके झाली, स्वरलिपी झाली, वर्ग आणि परीक्षा झाल्या. गाणे ही अगम्य देणगी नसून शिकवता येणारी विद्या आहे, असा या सर्व खटाटोपाचा अर्थ होता. लिस्टनेही 1847 मध्ये, पस्तिसाव्या वर्षी, पैशासाठी वाजवणे सोडून दिले आणि पुढे आलेल्या शिष्यांना फी न घेता शिकवले, हे या ठिकाणी आठवते.

मात्र पलुसकरांच्या मार्गालाही मर्यादा होती, ती लपवणे बरे नाही. वर्गातून हजारो लोक गाणे समजू लागले, कुलीन घरांतल्या मुली गाणे शिकू लागल्या. पण परीक्षा उतरलेले सगळे गवई होत नाहीत, हे थोड्याच वर्षांत दिसून आले. शाळा जाणते श्रोते घडवू शकते. रहिमतखाँच्या गळ्यातली फिरत ती हुकमी घडवू शकत नाही. तेव्हा तालमीने सगळे साधते हे म्हणणे जितके अपुरे, तितकेच तालमीवाचून काही साधते हे म्हणणे खोटे. प्रतिभा आणि परिश्रम यांचा हिशेब एका खात्यात मांडण्याचा मोह एकोणिसाव्या शतकाने आपल्याला लावला. तो सोडवत नाही एवढेच.

रहिमतखाँ 1922 साली कुरुंदवाडला वारले. उतारवयात त्यांच्या काही ध्वनिमुद्रिका निघाल्या होत्या. तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटे. दरबारात तासभर चालणारा राग त्यात मावणार कसा? विस्तार वगळला गेला, आणि उरले ते नेमके जे चटकन थक्क करते. तरीही त्या तबकड्या ज्यांनी कान देऊन ऐकल्या असतील त्यांना एक गोष्ट जाणवली असेल: उंच स्वरात गळा वाऱ्यासारखा फिरतो, आणि प्रत्येक स्वर आपल्या जागी, सुटा, शांत उभा असतो. त्यात वेड कुठेच ऐकू येत नाही. ऐकू येते ती हद्दूखाँची तालीम, आणि तिला आपलेसे करून टाकलेला एका माणसाचा गळा. पुढच्या वेळी तिकीट काढून गाण्याला जाल तेव्हा गवयाबद्दलच्या गोष्टी बाहेर चपलांजवळ ठेवून आत जा, अस्थाई-अंतरा पुरा होईपर्यंत थांबा, आणि मगच टाळी द्या.